मांजर घराचे असते की माणसाचे?

“आम्ही साताऱ्यात परसदार असलेल्या बैठ्या घरात राहतो. महिन्याभरात पुण्यात सातव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये जायचे आहे. आमचा बोका गोट्या सहा वर्षांचा आहे आणि त्याची नसबंदी झालेली आहे. तो दिवसभर परसात आणि शेजारच्या गच्चीवर असतो, विधीही परसातल्या मातीतच उरकतो. सासूबाई म्हणतात, मांजर घराचे असते, माणसाचे नसते. त्याला इथेच राहू द्या, शेजारच्या काकू दूधभात घालतील. मला ते पटत नाही, पण नेऊन त्याचे हाल होतील अशी भीतीही वाटते. न्यायचेच ठरले, तर त्याला आंघोळ घालून, त्याची गोधडी धुऊन, वास्तुशांतीच्या दिवशीच सगळ्यांबरोबर न्यावे आणि आल्या आल्या सगळे घर मोकळे करून द्यावे, म्हणजे कोंडल्यासारखे वाटणार नाही, असा माझा विचार आहे. तो बरोबर आहे का?” — एक वाचक, सातारा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि जे निम्मे खरे आहे ते नीट समजून घेतले तर उरलेल्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत जातात. मांजर जागेला धरून असते हे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. दूर सोडून आलेले मांजर आठवड्याने पुन्हा ओट्यावर येऊन बसल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. परंतु ही जागा म्हणजे भिंती आणि कौले नव्हेत. मांजराच्या गालांत, हनुवटीखाली आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. तुमचा गोट्या दाराच्या चौकटीला, पिंपाच्या कडेला, तुमच्या पोटरीला गाल घासतो तेव्हा तो तिथे आपला वास ठेवत असतो. अशा शेकडो खुणांनी त्याचे घर बनलेले आहे, आणि त्या खुणा अधूनमधून ताज्या करणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग आहे. त्या पुसल्या गेल्या किंवा जागाच बदलली, की आपण कुठे आहोत हेच त्याला कळेनासे होते. आपण ज्याला ‘मांजर घाबरले’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असते.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी सासूबाईंशी आदरपूर्वक असहमत आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी खोलीत मांजराला त्याच्या माणसासोबत दोन मिनिटे ठेवायचे, मग माणसाने दोन मिनिटे बाहेर जायचे आणि परत यायचे. ज्यांचे वर्गीकरण करता आले त्या पिल्लांपैकी सुमारे 64 टक्के पिल्ले माणूस परतल्यावर शांत झाली, त्याच्याजवळ येऊन गेली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. मोठ्या मांजरांतही हे प्रमाण जवळपास तेवढेच आढळले. म्हणजे अनोळखी जागी ओळखीचे माणूस हाच अनेक मांजरांचा आधार असतो. शिवाय तुमच्या गोधडीला आणि हातांना गोट्याचाच वास लागलेला आहे, म्हणजे त्याच्या घराचा मोठा भाग तुमच्याबरोबर पुण्याला येणारच आहे.

मागे ठेवण्याचा पर्याय सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. एखादे मांजर आधीपासूनच अर्धा दिवस शेजारी राहत असेल, तिथेच झोपत असेल आणि त्या घरातले माणूस त्याचे खाणे, लस आणि आजारपण स्वतःचे मानून पाहायला तयार असेल, तर त्याला तिथेच राहू देणे हा प्रामाणिक निर्णय ठरू शकतो. ‘काकू दूधभात घालतील’ हे मात्र त्या जातीचे आश्वासन नाही. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि भातात त्यांना लागणारे प्राणिज अन्नघटक नसतात. त्याहून मोठी अडचण अशी की तुमच्या घरी नवे बिऱ्हाड येईल, खिडक्या बंद होतील, आणि गोट्या रोज त्याच दारासमोर येऊन बसेल. काकूंना एकदाच स्पष्ट विचारून पाहा: त्याला रात्री घरात घ्याल का, आणि तो आजारी पडला तर दवाखान्यात न्याल का? उत्तर देताना त्या अडखळल्या, तर गोट्या तुमच्याबरोबर यावा असे माझे मत आहे.

आता तुमच्या आखणीकडे येतो. आंघोळ, धुतलेली गोधडी, गजबजलेला दिवस आणि मोकळे सोडलेले घर या चारही गोष्टी माणसाच्या दृष्टीने शुभ आणि स्वच्छ आहेत. मांजराच्या नाकाने पाहिले तर चारही उलट्या पडतात. आंघोळीने त्याच्या अंगावरचा स्वतःचा वास जातो, धुण्याने गोधडीवरचा जातो, आणि नव्या फ्लॅटमध्ये रंग, पॉलिश आणि सिमेंट यांच्या वासांखेरीज काहीच नसते. म्हणून गोधडी धुऊ नका. उलट, शक्य असेल तर आतापासून त्याच्या झोपायच्या जागी आणखी दोन जुनी फडकी टाकून ठेवा, म्हणजे महिन्याभरात तीही त्याचीच होतील.

साताऱ्यातच करून घ्यायची दोन कामे आहेत, आणि दोन्हींना तीन-चार आठवडे लागतात, म्हणून ती आजच सुरू करा. पहिले काम पेटीचे. मांजर न्यायची पेटी कडक प्लॅस्टिकची आणि शक्यतो वरूनही उघडणारी घ्या. कापडी पिशवीची चेन घाबरलेला बोका डोके घालून सहज उघडतो, आणि हमरस्त्यावर गाडीचे दार उघडले त्या क्षणी तो सुटला तर सापडणे कठीण असते. पेटी कोनाड्यात ठेवून प्रवासाच्या दिवशी काढली, तर पेटी म्हणजे संकट एवढेच त्याला कळते. तिचे दार काढून ती त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा, आत एक फडके घाला आणि रात्रीचे जेवण तिच्याजवळ, मग उंबऱ्यावर, मग आत असे सरकवत न्या. तो आपण होऊन आत झोपू लागला की दार बसवा. आधी मिनिटभर, मग दहा मिनिटे लावा आणि शेवटी गाडीत ठेवून गल्लीला एक फेरी मारून आणा.

दुसरे काम मातीचे, आणि तुमच्या बाबतीत मला तेच अधिक अवघड वाटते. सहा वर्षे परसात जाणाऱ्या बोक्याला सातव्या मजल्यावर पहिल्याच रात्री ट्रे ओळखता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याची जेवढी लांबी असेल त्याच्या दीडपट लांबीचा पसरट टब घ्या. बाजारातले बहुतेक ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात, त्यापेक्षा कपड्यांचा उथळ टब बरा. त्यात परसातली तीच माती चार बोटे भरा आणि टब तो जिथे जातो तिथेच ठेवा. तो त्यात जाऊ लागला की दर दोन-तीन दिवसांनी मूठ-दोन मुठी माती काढून तेवढेच मांजराच्या विधीसाठी बाजारात मिळणारे बिनवासाचे, बारीक दाण्यांचे लिटर मिसळत जा आणि टब हळूहळू मागच्या पडवीत आणा. निघताना परसातली एक पिशवी कोरडी माती बरोबर घ्या आणि नव्या घरी लिटरवर वरून थोडी भुरभुरा. सामानात मातीची पिशवी पाहून कोणी हसले तर हसू द्या. ट्रे एकच न ठेवता दोन ठेवा आणि दोन्ही खाण्याच्या ताटलीपासून दूर असू द्या.

वास्तुशांतीच्या दिवशी त्याला नेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. होमाचा धूर, भटजींचा खणखणीत आवाज, पन्नास माणसांची ये-जा आणि सतत उघडे दार हे सारे टाळता येण्यासारखे आहे. वास्तुशांत आधी उरकून घ्या आणि गोट्याला नंतरच्या एखाद्या साध्या दिवशी न्या; त्याने वास्तूचा किंवा गोट्याचा कोणताच दोष होत नाही. नव्या घरात झुरळांची औषधफवारणी करायची असेल तर तीही आधी आटोपून घर पूर्ण वाळू आणि हवेशीर होऊ द्या. फवारणीतील परमेथ्रिन हे द्रव्य मांजरांना विषारी असते, म्हणून घरात मांजर येणार आहे हे फवारणी करणाऱ्याला आधीच सांगा. फरशीही फिनेलने न पुसता साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, कारण मांजर पंजे चाटते आणि फरशीवरचे ते त्याच्या पोटात जाते.

सामान हलवायचा दिवस हा मांजर हरवण्याचा दिवस असतो. दोन्ही दारे उघडी, अनोळखी माणसे, खोक्यांचे आवाज, आणि घरचे सगळे गडबडीत. पहाटे, माणसे येण्याआधीच, गोट्याला पेटी, पाणी आणि टबासह न्हाणीघरात ठेवा, बाहेरून कडी लावा आणि दारावर मोठ्या अक्षरांत ‘आत मांजर आहे, उघडू नये’ असा कागद चिकटवा. ते न्हाणीघर सर्वांत शेवटी रिकामे करायचे. निघण्यापूर्वी पाच-सहा तास खायला देऊ नका, पाणी चालेल. सातारा ते पुणे अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. खंबाटकीच्या वळणांवर भरल्या पोटी उलटी होण्याची शक्यता असते. पेटी मागच्या आसनावर पट्ट्याने बांधा, वरून अर्ध्या भागावर फडके टाका आणि तो कितीही ओरडला तरी वाटेत पेटी उघडू नका. तो फारच घाबरट असेल तर पशुवैद्याला महिना आधी भेटा. प्रवासाच्या भीतीसाठी गॅबापेंटिनसारखे औषध ते वजनानुसार लिहून देतात, पण ते एकदा घरी असताना देऊन पाहावे, म्हणजे त्याचा परिणाम आधीच कळतो. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र त्याला अजिबात देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे ठरते.

आता तुमच्या ‘कोंडल्यासारखे वाटेल’ या शंकेबद्दल, कारण तीच मला सर्वांत जवळची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मिरजेच्या तळमजल्यावरून पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा आमच्या मनीबाबत मी नेमकी हीच चूक केली. तिला पेटीतून काढले आणि सगळे घर तुझेच म्हणून मोकळे सोडले. ती पोट जमिनीला टेकवून, भिंतीच्या कडेकडेने धावत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी असलेल्या हातभर रुंद फटीत शिरली. नळ दुरुस्त करणारा आला, तो ठोकाठोक करून गेला. ती नऊ तास तिथून हलली नाही. शेवटी खालची पट्टी स्क्रू काढून उघडावी लागली, आणि तिच्याबरोबर माझ्या हातावरचे चार ओरखडेही बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली. आतली लहान खोली रिकामी केली, पलंगाखाली जाण्याची वाट खोक्यांनी बंद केली आणि त्याऐवजी एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात तिची न धुतलेली चादर घातली; लपायला जागा हवी, पण जिथून आपल्याला तिला दुखावल्याशिवाय काढता येईल अशी. एका कोपऱ्यात पाणी आणि अन्न, समोरच्या कोपऱ्यात ट्रे, आणि दार बंद. पहिल्या रात्री तिने काही खाल्ले नाही, पण दोन वाजता ट्रेमध्ये खरखर ऐकू आली आणि मला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवलेला, बिनमिठाचा चमचाभर जवळा तिने खोक्यात बसूनच संपवला. तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर पाठ टेकून वर्तमानपत्र वाचत पडलो होतो, तेव्हा ती माझ्या पायांना वळसा घालून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. चौथ्या दिवशी तिने दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला गाल घासला. सहाव्या दिवशी मी दार अर्धवट उघडे ठेवले. ती बैठकीत चार पावले गेली, कुकरची शिट्टी झाली आणि ती धावत परत आपल्या खोलीत आली. परतायला आपली अशी एक जागा आहे, ही गोष्ट कोंडण्यापेक्षा फार वेगळी आहे, हे मला तेव्हा कळले.

गोट्यासाठी हेच करा, आणि दिवस मोजण्यापेक्षा त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवा. तो नियमित खातो, ट्रे वापरतो, अंग चाटून साफ करतो, तुमच्यासमोर आडवा होऊन झोपतो आणि वस्तूंना गाल घासतो, हे सगळे दिसले की दार उघडायचे. कोणाला हे तीन दिवसांत साधते, कोणाला दोन आठवडे लागतात. या काळात एक मऊ सुती रुमाल त्याच्या गालांवरून अलगद फिरवा आणि तोच पुढच्या खोलीतल्या सोफ्याच्या, कपाटाच्या आणि दारांच्या कोपऱ्यांना, त्याच्या तोंडाच्या उंचीवर, घासून ठेवा. तो बाहेर येईल तेव्हा त्याच्या आधीच त्याचा वास तिथे पोहोचलेला असेल. दिवसाला एकच खोली वाढवा. त्याला उचलून घर दाखवत फिरू नका, कारण उचललेल्या मांजराला वाट लक्षात राहत नाही आणि पळता येत नाही याचीच भीती अधिक वाटते. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, पण तीही पिल्ले एकेका आडोशालाच ठेवते, अंगणात पसरत नाही.

थोडे लपणे, थोडे कमी खाणे, रात्री ओरडणे हे पहिले चार-पाच दिवस चालू शकते. दोन गोष्टींत मात्र वाट पाहू नका. त्याने पूर्ण 24 तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला दूरध्वनी करा. विशेषतः वजनदार मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो. दुसरी गोष्ट बोक्यांसाठी अधिक महत्त्वाची. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो तुंबू शकतो. तो पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, सतत मागचा भाग चाटत असेल आणि लिटर कोरडेच असेल, तर ते बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करू नका. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच रात्री दवाखाना गाठायचा. म्हणूनच ट्रेमधल्या, लघवीने झालेल्या ओल्या गोळ्या रोज मोजा, आणि रात्री उघडा असणारा जवळचा पशुदवाखाना कोणता, हे जाण्यापूर्वीच विचारून ठेवा.

राहिला सातवा मजला. मांजर पडले तरी चार पायांवर पडते, या समजुतीवर कोणी खिडकी उघडी ठेवू नये. न्यूयॉर्कमधील एका प्राणी रुग्णालयाने 1987 मध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली असे त्यात दिसले. हा आकडा लोक मोठ्या खुशीने सांगतात, पण जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात आणली जात नाहीत हे विसरतात. गोट्या गच्चीवर वावरलेला आहे, आणि पुण्यात खिडकीच्या कट्ट्यावर कबुतर बसणारच. सरकत्या खिडकीची डासांची जाळी त्याच्या एका झेपेत सुटेल. तारांचे जे ग्रिल हल्ली लावतात त्यांच्या तारांमध्ये दोन-तीन इंच अंतर असते; तुमच्या बोक्याचे डोके त्यातून जाते का हे मोजून पाहा, कारण डोके गेले की अंगही जाते. नायलॉनची कबुतरजाळी बाल्कनीला चालते, पण ती खालच्या कडेलाही चौकटीत घट्ट बसवून घ्या आणि कुरतडल्याच्या खुणा दर महिन्याला पाहा. हे काम तो येण्याच्या आधी व्हायला हवे, नंतर नाही.

परसाची उणीव तुम्ही पूर्ण भरून काढू शकणार नाही, हे मी लपवत नाही. पहिले काही आठवडे तो पहाटे दारापाशी जाऊन ओरडेल. त्याच्या बाहेर जाण्याच्या जुन्या वेळांना, बहुधा पहाटे आणि दिवेलागणीला, दोरीला बांधलेल्या पिसामागे दहा-पंधरा मिनिटे त्याला पळवा आणि लगेच खायला द्या; धावणे, पकडणे, खाणे, झोपणे या क्रमाने त्याचा दिवस संपू द्या. खिडकीलगत एक फळी ठोकून त्याला बसायला उंच जागा द्या. तो ओरडला म्हणून दार उघडून जिन्यात ‘जरा फिरवून’ आणू नका, कारण एकदा उघडलेल्या दारापाशी तो दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ ओरडतो.

गोधडीचे विचाराल, तर तिला महिनाभर हात लावू नका. पुढे धुवायची झाली तर ती आणि आतापासून टाकून ठेवलेली फडकी एकाच दिवशी भिजवू नका. एक वाळत असेल तेव्हा दुसरे त्याच्या खोक्यात असू द्या.